नातवंडांची उंची आणि आईवडिलांची उंची

परदेशी वाढलेली नातवंडे सुट्टीत घरी आली की आजी-आजोबा मला एक प्रश्न हमखास विचारतात: “डॉक्टर, आमच्या घराण्यात एवढे उंच कोणीच नव्हते. तिकडच्या दूध-अंड्यांत काही औषध तर नसते ना?” प्रश्नात कौतुकही असते आणि धास्तीही. त्याचे उत्तर एका दूरच्या, पण फार काळजीपूर्वक अभ्यासलेल्या उदाहरणातून चांगले कळते.

मध्य अमेरिकेतील ग्वातेमाला या देशात माया नावाचे आदिवासी लोक राहतात. जगातील सर्वांत ठेंगण्या समाजांत त्यांची गणना होई, आणि ‘यांचा वंशच ठेंगणा’ असे सर्रास म्हटले जाई. १९८० च्या सुमारास तेथील यादवीला कंटाळून हजारो माया कुटुंबे अमेरिकेतील फ्लोरिडा आणि लॉस एंजेलिस येथे आली. बॅरी बोगिन या मानवशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह या कुटुंबांतील मुलांची मोजमापे घेतली. पाच ते बारा वर्षे वयाची ही मुले ग्वातेमालातील समवयस्क माया मुलांपेक्षा, १९९९-२००० च्या मोजणीत, सरासरीने सुमारे ११ सेंटिमीटर उंच भरली. एका पिढीत वंश बदलत नाही. बदलले होते ते बालपण.

येथे एक गोष्ट विसरू नये. ही कुटुंबे अमेरिकेत श्रीमंत झाली नव्हती. आईबाप शेतमजुरी किंवा बागकाम करीत. मात्र नळाला स्वच्छ पाणी होते, लसी वेळेवर मिळत होत्या, शाळेत जेवण मिळत होते आणि लहान वयात अंगमेहनत करावी लागत नव्हती. आपण उंचीचे सारे श्रेय आहाराला देतो, ते अर्धेच खरे आहे. वारंवार जुलाब होणाऱ्या बाळाच्या आतड्याचे अस्तर झिजते आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. शिवाय प्रत्येक तापात शरीर वाढीचे काम बाजूला ठेवून जंतूंशी झुंजत असते. दूध, अंडी, डाळ यांतील प्रथिने उपयोगी पडतात, पण ती पोटात टिकली आणि पचली तरच.

या मोजणीतील मला सर्वांत अर्थपूर्ण वाटलेली बाब निराळीच आहे. वाढलेल्या ११ सेंटिमीटरांपैकी सुमारे ७ सेंटिमीटर पायांत वाढले होते. जन्मल्यापासून वयात येईपर्यंत मुलाचे पाय धडापेक्षा अधिक वेगाने वाढतात. म्हणून या काळात उपासमार किंवा आजारपण आले तर पहिला फटका पायांच्या लांबीला बसतो. मेंदू, हृदय, फुप्फुसे ज्यात आहेत ते डोके आणि धड शरीर त्या मानाने सांभाळून ठेवते. यामुळेच नातू आणि आजोबा शेजारी खुर्चीवर बसले की दोघे जवळजवळ सारखे दिसतात. उभे राहिल्यावर मात्र नातू एकदम वर जातो. आपण घरी हे पाहून ठेवा.

आता आपल्या घरचा हिशेब करू. मुलाची प्रौढपणीची उंची अंदाजण्यासाठी आम्ही डॉक्टर एक साधे गणित वापरतो. आई आणि वडील यांच्या उंचीची बेरीज करायची, मुलगा असेल तर त्यात १३ सेंटिमीटर मिळवायचे, मुलगी असेल तर १३ वजा करायचे, आणि उत्तराला दोनाने भागायचे. समजा, वडील १६३ सेंटिमीटर आणि आई १५० सेंटिमीटर आहे. मुलासाठी बेरीज ३२६, अर्धे १६३. यात साधारण साडेआठ सेंटिमीटर इकडेतिकडे चालते. म्हणजे वरची मर्यादा १७१ ते १७२. परदेशात वाढलेला हाच मुलगा पंधराव्या वर्षी १७४ सेंटिमीटर झाला, तर काही बिघडले आहे काय? बहुधा नाही. या गणितात एक गृहीतक दडलेले आहे: आईवडील त्यांच्या आनुवंशिक शक्यतेइतके पुरेपूर वाढले होते. त्यांच्या बालपणी दूध चहापुरतेच असेल, पावसाळाभर जुलाब चालत असतील, तर त्यांची उंची हीच मुळी अपुरी असते, आणि तिच्यावर बेतलेला अंदाज कमी येतो. चूक मुलात नसते, गणिताच्या पायात असते.

मात्र प्रत्येक उंच नातवंडाविषयी निश्चिंत राहावे असे मी म्हणणार नाही. वाढ किती झाली याइतकेच ती केव्हा झाली हे महत्त्वाचे असते. स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या शंभराहून थोड्या अधिक भारतीय मुलींचा अभ्यास १९९१ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. या मुली तेथे पोहोचल्या तेव्हा बहुतेक कुपोषित होत्या. चांगले अन्न मिळताच त्या भराभर वाढल्या आणि घरच्यांना आनंद झाला. परंतु त्यांना पाळी लवकर आली. निम्म्या मुलींना साडेअकरा वर्षांच्या आसपास किंवा त्याआधीच. पाळी सुरू करणारी संप्रेरकेच हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा बंद करतात. परिणामी लहानपणी पुढे धावलेल्या या मुलींची अखेरची उंची सरासरी १५४ सेंटिमीटरवरच थांबली. आईवडिलांसोबत स्थलांतर केलेल्या मुलांची स्थिती इतकी टोकाची नसते, कारण आधीचा अभाव इतका तीव्र नसतो. तरीही धडा घ्यावा असा आहे.

शाळकरी मूल वयात येण्यापूर्वी वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटर वाढते. सात-आठ वर्षांची नात वर्षभरात आठ-नऊ सेंटिमीटर वाढली, आणि आठव्या वर्षाआधीच स्तनांची वाढ दिसू लागली, तर ‘छान उंच होते आहे’ म्हणून स्वस्थ बसू नये. मुलग्यांत वयात येण्याच्या खुणा नवव्या वर्षाआधी दिसणे हे तसेच लक्षण. अशा वेळी बालरोगतज्ज्ञ डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहतात. ते प्रत्यक्ष वयाच्या बरेच पुढे असेल तर उपचार आहेत, पण ते वेळेवर सुरू व्हावे लागतात. पाळी आल्यानंतर मुलीची उंची बहुधा पाच ते सात सेंटिमीटरच वाढते, म्हणून तोवर थांबणे उपयोगाचे नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. अमेरिकेतील त्या माया मुलांची उंची वाढली तशी त्यांतील पुष्कळांची चरबीही वाढली. उंची वाढवणारी परिस्थिती आणि पोट वाढवणारी परिस्थिती एकाच दारातून घरात येते. नातवंडाची नुसती उंची फोनवर विचारू नका. वजन आणि कमरेचा घेरही विचारा. थंड पेयांच्या बाटल्या घरात किती येतात हे विचारायलाही हरकत नाही, थोडी नाराजी झाली तरी.

आणि तुलना करताना एक खबरदारी आपल्या स्वतःविषयी. आज आपण भिंतीला टेकून मोजलेली उंची ही आपली खरी उंची नव्हे. चाळिशीनंतर मणक्यांमधील चकत्या दबत जातात आणि दर दशकाला साधारण एक सेंटिमीटर कमी होते. नातवाशी तुलना तरुणपणीच्या उंचीची करावी. जुन्या सेवापुस्तकात किंवा पासपोर्टात ती नोंदलेली सापडते. त्या नोंदीपेक्षा आजची उंची चार सेंटिमीटरांहून अधिक घटली असेल, तर ती केवळ वयाची झीज समजू नये. हाडे ठिसूळ होऊन एखादा मणका नकळत दबलेला असू शकतो. पाठ दुखत नसली तरीही. अशा वेळी मणक्यांचा एक्स-रे आणि हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी, आणि डॉक्टरांकडे जाताना ती जुनी नोंद सोबत न्यावी.