ड्युरेशन सारखे, तोटा मात्र वेगळा

दोन रोखेसंचांचे ड्युरेशन सारखे असले, तरी त्यांची जोखीम सारखी नसते. समजा, ‘बुलेट’मध्ये १०० रुपये १० वर्षांच्या झिरो कूपन रोख्यात आहेत, ‘बार्बेल’मध्ये ५०-५० रुपये २ आणि १८ वर्षांच्या अशाच रोख्यांत. दोन्हींचे ड्युरेशन १० वर्षे.

सर्व मुदतींचे दर एकदम ७ वरून ९ टक्के झाले, तर बुलेट ८३.०९ रुपयांवर येते, बार्बेल ८४.०१ वर. दर ५ टक्क्यांवर उतरले, तर अनुक्रमे १२०.७७ आणि १२२.१४. ही कन्व्हेक्सिटीची कमाई: दर चढताना लांब मुदतीच्या रोख्याची घसरण मंदावत जाते, उतरताना वाढीचा वेग वाढतो.

मात्र फक्त १८ वर्षांचा दर ९ टक्के झाला, तर बुलेट १०० वरच राहते, बार्बेल ८५.८३ वर घसरते. कन्व्हेक्सिटी हे सरसकट विमाकवच नव्हे.