रांगेतल्यांनी थोडं थांबावं

जिममध्ये संध्याकाळी स्क्वॉट रॅकपाशी रांग लागते आणि मागच्यांच्या घाईपोटी मिनिटभरातच पुढचा सेट सुरू होतो. १०० किलोचे ५ रेप्स मारणारा गडी मग दुसऱ्या सेटला तिसऱ्या रेपवरच अडकतो. त्याची ताकद कमी पडलेली नसते. दम परतलेला नसतो आणि स्नायूंतला फॉस्फोक्रिएटिनचा साठा पुरता भरलेला नसतो. ब्रॅड शोनफेल्ड यांच्या २०१६च्या अभ्यासात १ मिनिट थांबणाऱ्यांपेक्षा ३ मिनिटं थांबणाऱ्यांची ताकद जास्त वाढली. स्क्वॉट, डेडलिफ्टला ३ ते ५ मिनिटं हवीतच. बायसेप्स कर्लमध्ये लहान स्नायू राबतात, धाप कमी लागते. तिथे ६० ते ९० सेकंद बहुधा पुरतात. पुढच्या सेटला दोनेक रेप्स घटले, तर आधी विश्रांती वाढवा, वजन नंतर उतरवा.