साहेबांना नुसते 'तानाका' म्हणताना

पनवेलला मध्यम पातळीचे जपानी शिकवताना कार्यालयीन संवादांच्या एका स्वाध्यायापाशी वर्ग हमखास अडतो. बाहेरच्या कंपनीतला ग्राहक दूरध्वनीवर विचारतो, तानाका-बुचो (म्हणजे विभागप्रमुख तानाका) आहेत का? ते जागेवर नसतात. विद्यार्थी अदबीने उत्तरतो, "तानाका-बुचो वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते इराश्शाइमास." आदरार्थी रूप बिनचूक, आणि तरीही उत्तर चूक!

हवे होते ते असे: "तानाका वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमास." हुद्दा गेला, 'सान'सुद्धा नाही, आणि 'इराश्शाइमास' या मान देणाऱ्या रूपाच्या जागी 'ओरिमास' हे नम्र रूप आले. ग्राहक परका, तानाका आपले. परक्यापुढे आपल्या माणसाचा मान वाढवायचा नसतो, मग तो वरिष्ठ का असेना. हाच प्रश्न शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारला, तर मात्र 'बुचो' आणि 'इराश्शाइमास' हेच योग्य. आणि तानाकांच्या पत्नीचा दूरध्वनी आला, तर? पुन्हा 'इराश्शाइमास', कारण तिच्यापुढे तानाका आपले नव्हेत, तिचे.

मराठीत आपण तिघांनाही एकच सांगतो: साहेब जागेवर नाहीत. आपल्याकडे आदर माणसाला चिकटलेला असतो, ऐकणारा बदलला म्हणून तो सुटत नाही. (कोरियन भाषेची रीतही परंपरेने आपल्याजवळची.) 'साहेब जागेवर नाही' असे एकवचन आपण त्यांच्या माघारी, तेही रागात, वापरू. म्हणून नुसते 'तानाका' म्हणताना मुलांची जीभ अडखळते. त्यांना नियम ठाऊक असतो; पण आपण उद्धटपणा करतो आहोत, असे त्यांना वाटत राहते.

माझी तक्रार स्वाध्यायांबद्दल आहे. आधी क्रियापदांचा तक्ता, साधे, आदरार्थी, नम्र. मग गाळलेल्या जागा, कंसात मूळ क्रियापद. ऐकणारा कोण, हे पुष्कळदा लिहिलेलेच नसते. तक्ता पाठ असलेल्याला पूर्ण गुण मिळतात आणि दूरध्वनी वाजला की तोच फसतो. खुद्द जपानच्या सांस्कृतिक व्यवहार परिषदेने २००७ साली दिलेल्या मार्गदर्शनात नम्र रूपांचे दोन गट केले आहेत: कृती ज्याच्याकडे जाते त्याचा मान राखणारी, आणि ऐकणाऱ्याचा मान राखणारी. 'ओरिमास' दुसऱ्या गटातले. म्हणजे ऐकणारा ठरल्याशिवाय ते निवडताच येत नाही.

मी आता क्रियापद देणे सोडून दिले आहे. वाक्य एकच, तानाका जागेवर नाहीत. चिठ्ठ्यांवर फक्त दूरध्वनी करणारा लिहिलेला असतो: ग्राहक, सहकारी, पत्नी. पत्नीची चिठ्ठी निघाली की वर्ग बराच वेळ गप्प असतो. नुकतेच शिकलेले 'ओरिमास' तोंडावर आलेले असते, आणि ते गिळावे लागते.