लाखाचे दीड लाख कुठे गेले?

गुंतवणूक योजनांचे वितरक आणि मार्गदर्शन मेळावे भरवणारे सर्वजण यांस,



मागच्या महिन्यात शेजारच्या काकूंनी माझ्यापुढे मोबाइल धरला. त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघात तुमच्यापैकीच एकाचे व्याख्यान झाले होते. बाजार कोसळला तरी जो थांबतो त्याचे भले होते, हे पटवण्यासाठी पडद्यावर सेन्सेक्सचा एक तक्ता दाखवला गेला आणि काकूंनी त्याचा फोटो काढला. “मास्तर, पडझडीतही वर्षाला पंधरा टक्के सुटले म्हणतात. खरं का हो?” असा त्यांचा प्रश्न होता. मी गणिताचा निवृत्त शिक्षक. उत्तर द्यायला कागद लागला, तोच आज तुमच्यापुढे ठेवतो.

फोटोत तीन ओळी होत्या: २००८ साली ५२.४५ टक्के, २००९ साली ८१.०३ टक्के, २०१० साली १७.४३ टक्के. खाली ठळक अक्षरांत ‘सरासरी वार्षिक परतावा १५.३४ टक्के’.

पहिल्या ओळीवर ट्यूबलाइटची चकाकी आली होती आणि आकड्याच्या आधी काही चिन्ह आहे की नाही ते कळत नव्हते. ते तुमच्याच सरासरीने सांगितले. तिन्ही आकडे अधिक धरून बेरीज केली आणि तीनने भागले, तर ५०.३० येतात. पहिला आकडा उणे धरला, तर बेरीज ४६.०१ होते आणि तिसरा हिस्सा बरोबर १५.३४. म्हणजे चिन्ह उणे होते, आणि सरासरी बेरीज-भागाकाराने काढली होती. एका चाचणीत दोन गोष्टी उघड झाल्या. त्यातली दुसरी हीच माझी तक्रार.

सरासरी वार्षिक वाढ म्हणजे असा एकच दर, जो दरवर्षी लावला तर शेवटी तेवढीच रक्कम हाती यावी, जेवढी प्रत्यक्षात आली. या कसोटीवर तुमचे १५.३४ लावून बघू. लाख रुपये तीन वर्षे या दराने वाढले, तर १ लाख ५३ हजारांच्या वर जातात. आता तक्त्यातले खरे दर एकामागून एक लावा. पहिल्या वर्षी लाखाचे ४७,५५० उरले. दुसऱ्या वर्षी त्यांचे सुमारे ८६,०८० झाले. तिसऱ्या वर्षाअखेर १ लाख १ हजार ८० च्या आसपास. तीन वर्षांत वाढले ते हजार-अकराशे रुपये. तुमच्या सरासरीने दाखवलेले उरलेले बावन्न हजार कोणाच्याच खात्यात नव्हते.

चूक बेरजेत नाही, बेरीज करण्यातच आहे. २००८ चे ५२.४५ टक्के पूर्ण लाखावरचे आहेत, तर २००९ चे ८१.०३ टक्के उरलेल्या साडेसत्तेचाळीस हजारांवरचे. वेगवेगळ्या रकमांचे टक्के एका ओळीत मांडून मिळवता येत नाहीत. ५२.४५ टक्क्यांचा खड्डा भरायला त्यानंतर ११० टक्के वाढ लागते; ८१ टक्क्यांची उडीदेखील काठापर्यंत पोचत नाही. दर जितके वर-खाली उसळतात, तितकी बेरजेची सरासरी फुगते. दरवर्षी सारखाच व्याजदर देणाऱ्या मुदत ठेवीत हा फरक शून्य असतो, म्हणूनच तो सहज ध्यानात येत नाही.

ज्या गोष्टी गुणाकाराने वाढतात, त्यांची सरासरी गुणाकारानेच काढावी लागते. दहावीच्या भूमितीत भूमितीमध्याचे प्रमेय होते, आठवत असेल: शिरोलंबाचा वर्ग म्हणजे कर्णाच्या दोन तुकड्यांचा गुणाकार. इथे तोच मध्य, फक्त दोनऐवजी तीन संख्यांचा, म्हणून वर्गमुळाऐवजी घनमूळ.

आधी टक्क्यांचे गुणक करायचे. ५२.४५ टक्के घट म्हणजे शंभरातले ४७.५५ उरले, तेव्हा गुणक ०.४७५५. पुढचे दोन १.८१०३ आणि १.१७४३. ही पायरी गाळून नुसत्या टक्क्यांचा गुणाकार केला, तर उणे चिन्हामुळे उत्तरच निरर्थक होते. तिन्ही गुणकांचा गुणाकार येतो १.०१०८. त्याचे घनमूळ १.००३६. त्यातून एक वजा केला की सरासरी वार्षिक वाढ मिळते: ०.३६ टक्के. पंधरा नाही, अर्धासुद्धा नाही. संगणकाच्या तक्त्यात एवढेच लिहावे लागते:

```
=GEOMEAN(0.4755,1.8103,1.1743)-1
```

उत्तर पडताळायला टक्के लागतही नाहीत. २००७ च्या अखेरीस सेन्सेक्स २०,२८६.९९ वर होता आणि २०१० च्या अखेरीस २०,५०९.०९ वर. शेवटच्या आकड्याला पहिल्याने भागा: १.०१०९. वरचा गुणाकार याच्याशी जुळला. शेवटच्या घरातला किरकोळ फरक टक्के दोन दशांशांत लिहिल्याचा आहे. फोटोत एखादे चिन्ह पुसले गेले असेल किंवा आकडा चुकीचा वाचला असेल, तर तेही इथेच पकडले जाते. ती उणे खूण माझ्या नजरेतून सुटली असती, तर गुणाकार सव्वातीनच्या जवळ गेला असता. मात्र मूळ काढताना वर्षे मोजायची, वर्षअखेरीचे आकडे नव्हे. २००७ ते २०१० असे चार आकडे दिसतात, पण मधली वर्षे तीनच.

तुम्ही म्हणाल, मेळाव्यात कच्चा आकडा आला, माहितीपत्रकात आम्ही सीएजीआरच देतो. सीएजीआर म्हणजे हाच भूमितीमध्य, आणि तो दिलात तर उत्तमच. पण त्यालाही फसवता येते. काकूंनी फोटो जरा खालून काढला असता आणि पहिली ओळ कापली गेली असती, तर उरलेल्या दोन गुणकांचा मध्य काय आला असता? १.८१०३ गुणिले १.१७४३ म्हणजे २.१२५८, त्याचे वर्गमूळ १.४५८. वर्षाला ४५.८ टक्के! गणितात एक काडीही चूक नाही. फक्त मोजणी खड्ड्याच्या तळापासून सुरू झाली. एका ओळीने ०.३६ चे ४५.८ होतात.

आणखी दोन मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. हा सेन्सेक्स फक्त भावांचा निर्देशांक आहे, कंपन्यांनी वाटलेला लाभांश त्यात धरलेला नाही. आणि हा हिशेब एकदाच टाकलेल्या रकमेचा आहे. दरमहा हप्ता भरणाऱ्याला प्रत्येक हप्त्याची तारीख धरून वेगळा दर काढावा लागतो. एखाद्याने २००८ च्या पडझडीतही हप्ते चालू ठेवले असतील, तर त्याचे उत्तर यापेक्षा बरेच चांगले येईल. तुमच्या व्याख्यानाचा मुद्दा कदाचित हाच असेल. मग तोच हिशेब दाखवा.

म्हणून माझे मागणे लहान आहे. ज्या तक्त्याखाली ‘सरासरी’ हा शब्द येतो, तिथे सुरुवातीची तारीख आणि आकडा, शेवटची तारीख आणि आकडा, आणि लाखाचे किती झाले, एवढी एक ओळ छापा. उणे चिन्हाऐवजी ‘घट’ असा शब्द लिहा, म्हणजे चकाकीत तो पुसला जाणार नाही.

काकूंना मी कागद दिला. त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “म्हणजे तीन वर्षं जीव टांगणीला आणि हाती हजार रुपये.” तुमच्या पडद्यावर हेच वाक्य हवे होते.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक