हनुवटी उघडी ठेवून महामार्गावर?

तलासरी नाक्यावर सकाळी सहा-साडेसहाला उभे राहिले तर दुचाकींची रांगच लागलेली दिसते. अच्छाडची सीमा ओलांडून भिलाड, उंबरगाव, वापीच्या कारखान्यांकडे पहिल्या पाळीला जाणारी ही मंडळी. काहींच्या डोक्यावर काहीच नसते, काहींचे हेल्मेट पोलीस दिसेपर्यंत कोपरात अडकवलेले असते. ज्यांच्या डोक्यावर ते आहे त्यांच्यातही मोठा भरणा उघड्या तोंडाच्या हेल्मेटचा, म्हणजे कान व डोके झाकणाऱ्या पण हनुवटी मोकळी सोडणाऱ्या हेल्मेटचा. ‘उकाडा होतो’, ‘मागचा हॉर्न ऐकू येत नाही’, ‘पान-तंबाखू खाता येत नाही’ अशी कारणे मिळतात. शेवटचे कारण हसत सांगितले जाते, पण ते खरे असते.

माझे मत आधीच सांगतो. ज्याला राष्ट्रीय महामार्ग 48 वरून रोज जावे लागते, त्याने पूर्ण चेहऱ्याचेच हेल्मेट घ्यावे. डहाणू गावात स्टेशन ते बाजार, फार तर पारनाक्यापर्यंत जाणाऱ्याला उघडे हेल्मेट चालेल, पण तेही चांगले व घट्ट बसणारे हवे.

यावर ‘मी तर हळू चालवतो’ हे उत्तर हमखास येते. गाडीचा वेग कितीही कमी असला तरी दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असते. तेवढ्या उंचीवरून पडलेली कोणतीही वस्तू जमिनीला ताशी सुमारे 20 किलोमीटर वेगाने आदळते. हा झाला फक्त पडण्याचा वेग. गाडीचा वेग त्याहून वेगळा, तो बहुतांशी घसरण्यात आणि समोरच्या वस्तूवर आदळण्यात खर्च होतो. म्हणजे डहाणूच्या बाजारात भाजीच्या गाडीला चुकवताना पडलेल्या माणसाच्या डोक्यालाही हा 20 चा दणका चुकत नाही.

हेल्मेट काय करते? त्यातला थर्माकोलसारखा कडक फोम चिरडतो आणि डोके थांबायला थोडी जागा मिळते. उघडे डोके डांबरावर आदळून चार मिलिमीटरमध्ये थांबले, तर त्यावर सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या पावणेचारशे पट मंदन येते. तेच फोम चिरडून दोन सेंटिमीटरमध्ये थांबले, तर ते पाऊणशे पटीवर येते. फरक फक्त या दीड-दोन सेंटिमीटरचा आहे. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा 69 टक्क्यांनी कमी होतो, असा निष्कर्ष 2008 मध्ये जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन काढण्यात आला होता. हा आकडा हेल्मेट घालण्याचा आहे. त्याच आढाव्यात असेही म्हटले होते की कोणत्या प्रकारचे हेल्मेट चेहऱ्याला किती वाचवते, याचा पुरेसा पुरावा तेव्हा नव्हता.

मग पूर्ण हेल्मेटचा आग्रह कशासाठी? माणूस पडतो कसा ते पाहू. समजा तलासरीचा एक तरुण पहाटे कामावर निघाला आहे. पुढचा कंटेनर अचानक ब्रेक मारतो, तरुण पुढचा ब्रेक करकचून दाबतो, मागचे चाक उचलले जाते आणि तो हँडलवरून पुढे फेकला जातो. त्याची टाळू खाली लागत नाही; कपाळ, गाल आणि हनुवटी लागतात. जर्मनीत हॅनोव्हर परिसरातील अपघातांमध्ये हेल्मेटवर कुठे मार बसला ते मोजले गेले. सुमारे एक-तृतीयांश आघात हनुवटी व जबड्याच्या भागात होते. उघड्या हेल्मेटमध्ये नेमका तोच भाग मोकळा असतो. पुढची काच असली तरी ती धूळ, किडे आणि ट्रकच्या चाकातून उडालेली खडी अडवते, डांबर अडवत नाही.

जबडा मोडणे म्हणजे फक्त दात पडणे नव्हे. खालच्या जबड्याचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी मोडला तर जिभेला पुढे धरून ठेवणारा आधार सुटतो. जीभ मागे पडते, तोंडात रक्त साठते आणि उताणा झोपलेला माणूस रस्त्याच्या कडेला गुदमरू शकतो. शिवाय हनुवटीवरचा जोरदार धक्का जबड्याच्या सांध्यातून कवटीच्या तळापर्यंत पोहोचू शकतो. आपल्या भागात याला आणखी एक बाजू आहे. गंभीर जखमीला इथून बऱ्याचदा सिल्वासा, वापी किंवा वलसाडला हलवावे लागते. तेवढा वेळ श्वासमार्ग मोकळा राहिला पाहिजे.

4 सप्टेंबर 2022 रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा मागच्या सीटच्या पट्ट्यावर देशभर चर्चा झाली. योग्यच झाले. त्याच रस्त्यावरच्या दुचाकीस्वाराच्या हनुवटीची चर्चा मात्र तेवढ्या आवाजात मी ऐकलेली नाही.

आता आक्षेपांकडे. ऐकू येत नाही, दिसत नाही हे बहुतांशी मनाचे आहे. युरोपीय मानकाप्रमाणे हेल्मेटने मध्यरेषेपासून प्रत्येक बाजूला 105 अंश नजर मोकळी ठेवावी लागते. उकाड्याची तक्रार खरी आहे. एप्रिल-मे महिन्यात समुद्रकाठच्या दमट हवेत डोके भिजते. हवेची छिद्रे असलेले हेल्मेट आणि बाजारातल्या संथ रांगेत काच वर करणे, एवढाच उपाय आहे. पावसाळ्यात काचेवर वाफ धरते, तेव्हा काच बोटभर उघडी ठेवावी. ओरखडे पडलेली काच रात्री समोरच्या ट्रकच्या प्रकाशात पांढरी होते. ती बदलावी, पूर्ण हेल्मेट बदलण्यापेक्षा स्वस्त पडते.

विकत घेताना आयएसआय चिन्ह बघावेच. 1 जून 2021 पासून त्याशिवाय हेल्मेट विकणे बेकायदा आहे, तरी रस्त्याकडेला ते मिळते. पण पूर्ण चेहऱ्याच्या हेल्मेटमध्ये आणखी एक गोष्ट पाहावी. हनुवटीच्या पट्टीच्या आत बोट घालून दाबा. मऊ गादीखाली कडक फोम लागला तर ठीक. नुसते प्लास्टिक लागले तर ती पट्टी केवळ दिखाऊ आहे. मग हेल्मेट घालून पट्टा लावा, मागून मानेजवळ धरून पुढे ओढा. ते डोळ्यांवर घसरले किंवा निघून आले तर त्या मापाचे घेऊ नका. तैवानच्या एका अभ्यासात, पट्टा सैल असलेल्यांना मेंदूच्या दुखापतीचा धोका घट्ट बांधलेल्यांच्या सुमारे अडीच पट होता. म्हणून सैल पट्ट्याच्या महागड्या पूर्ण हेल्मेटपेक्षा घट्ट बसलेले साधे उघडे हेल्मेट मला बरे वाटते. हेल्मेटखाली जाड स्कार्फ गुंडाळणाऱ्या मुलींनी हे विशेष पाहावे, कारण कापडामुळे माप सैल पडते.

एकदा जोरात आपटलेले हेल्मेट, वरून तडा दिसत नसला तरी, टाकून द्यावे. चिरडलेला फोम पुन्हा फुगत नाही.

रस्त्यात असा जखमी दिसला तर 108 ला फोन करा. पूर्ण हेल्मेट एकट्याने ओढून काढू नका; पट्टा सैल करा, काच वर करा आणि श्वास चालू आहे का पाहा. तोंडात रक्त असेल तर डोके, मान व पाठ एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी त्याला कुशीवर वळवा. श्वासच बंद असेल तर हेल्मेट काढावेच लागते. एकाने खालून मान व जबडा दोन्ही हातांनी धरून ठेवायचा, दुसऱ्याने हेल्मेटच्या कडा बाहेर ताणत हळूहळू मागे सरकवायचे.