न तपासताच मिटलेली तिकिटे

सॉफ्टवेअर कंपन्यांत रिलीजच्या आदल्या संध्याकाळी एक उद्योग सर्रास चालतो. डेव्हलपरने 'दुरुस्त केले' म्हणून टेस्टरकडे पाठवलेली, पण फेरतपासणी न झालेली तिकिटे एकगठ्ठा निवडायची आणि Closed करून टाकायची. काही ठिकाणी तेवढेही कष्ट नाहीत. चौदा दिवस कोणी हात लावला नाही तर तिकीट आपोआप बंद व्हावे, असा नियमच जिरामध्ये लावलेला असतो. डॅशबोर्ड हिरवा होतो आणि बैठक वेळेत संपते. उघडा बग निदान यादीत दिसतो. असा मिटवलेला बग शोधायला कोणी जात नाही. हा नियम आजच काढून टाकायला हवा.

धोका कुठे आहे ते पाहण्यासाठी एका पतसंस्थेचे सॉफ्टवेअर डोळ्यांसमोर आणू. ३१ जानेवारी २०२५ रोजी एक महिन्याची ठेव ठेवली. मुदत २८ फेब्रुवारीला संपायला हवी, पण पडद्यावर ३ मार्च येते. जावास्क्रिप्टमध्ये तारखेचा नुसता महिना एकाने वाढवला की '३१ फेब्रुवारी' तयार होते आणि ती पुढे सरकून मार्चमध्ये जाते. तीन दिवसांचे व्याज जास्त लागते. डेव्हलपर चूक सुधारतो, बदल मुख्य ब्रँचमध्ये टाकतो, तिकीट Resolved करतो. पण रिलीजची ब्रँच आधीच वेगळी काढलेली असते आणि बदल तिकडे न्यायचे राहून जाते. शिवाय ठेवपावती छापणाऱ्या भागात तेच गणित वेगळे लिहिलेले असते. तिथे कोणी पाहिलेलेच नसते. दुरुस्ती खरी असते, पण ग्राहकाकडे जाणाऱ्या बिल्डमध्ये ती नसते.

आता टेस्टर तपासतो असे धरू. घाईत तो १५ जानेवारीची ठेव टाकतो, उत्तर १५ फेब्रुवारी येते, तिकीट बंद. हे उत्तर जुन्या बिल्डमध्येही बरोबरच आले असते! म्हणून फेरतपासणीची सुरुवात जुन्या बिल्डवर व्हावी. तक्रारीतल्याच पायऱ्यांनी, त्याच तारखेने बग आधी पुन्हा दिसला पाहिजे. मग रिलीजच्या बिल्डवर तो दिसेनासा झाला पाहिजे. पहिली पायरी गाळली तर दुसरीला पुरावा म्हणून काही किंमत उरत नाही.

थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राचा इतिहास या बाबतीत भयंकर आहे. १९८५ मध्ये कॅनडात हॅमिल्टनला एका रुग्णाला प्रमाणाबाहेर किरण मिळाले. उत्पादक एईसीएलला तो बिघाड पुन्हा घडवून दाखवता आला नाही. तरी कंपनीने एका मायक्रोस्विचवर संशय धरून बदल केले आणि सुरक्षितता किमान एक लाख पटींनी वाढल्याचा दावा केला. त्या बदलांनी हॅमिल्टनचा बिघाड थांबला, हे दाखवायला हातात काहीच नव्हते. १९८६ मध्ये टेक्सासमधील टायलरला याच प्रकारच्या यंत्रावर आणखी दोन रुग्णांना घातक मात्रा मिळाली. तिथला दोष सॉफ्टवेअरमधला होता. तो सापडला, कारण तिथल्या भौतिकशास्त्रज्ञाने ऑपरेटरच्या मदतीने बिघाड पुन्हा घडवून दाखवला.

प्रत्येक टीमने रोज सकाळी रखडलेल्या तिकिटांची यादी काढावी. जिरामध्ये ती एका ओळीत निघते:

```
status = Resolved AND NOT status CHANGED AFTER -3d ORDER BY priority DESC
```

तीन दिवस ज्यांची स्थिती हललेली नाही ती तिकिटे यात वर येतात. पण यादी काढून भागत नाही. प्रत्येक तिकिटावर तपासणाऱ्याचे नाव हवे, आणि ते नाव दुरुस्ती करणाऱ्याचे नसावे. नुसते 'टेस्टिंग टीम' लिहिले की ते कोणाचेच काम राहत नाही. बंद करताना कोणत्या बिल्डवर, कोणत्या ब्रँचवर, कोणत्या तारखेने तपासले हे लिहिल्याशिवाय जिराने पुढे जाऊच देऊ नये. अशी अट घालण्याची सोय त्यात आहे. आपणच ती वापरत नाही. बगझिलामध्ये तर RESOLVED नंतर VERIFIED ही वेगळी पायरीच ठेवलेली आहे, तरी कित्येक ठिकाणी तिकिटे पहिल्या पायरीवरच वर्षानुवर्षे पडून असतात.

टेस्टर कमी, तिकिटे फार, असे व्यवस्थापक सांगतील. ते खरेच आहे. मग पैसे, तारखा आणि लोकांची माहिती यांच्याशी संबंधित तिकिटे आधी तपासा. उरलेली Resolved मध्येच राहू द्या आणि रिलीजच्या टिपणात त्यांचे क्रमांक 'फेरतपासणी बाकी' म्हणून छापा. रिलीजला मंजुरी देणाऱ्याने ती यादी वाचून मगच सही करावी.