‘सगळं खोटं आहे’ एवढ्यानं भागत नाही

दिवाणी कोर्टाचं समन्स पाड्यावर आलं की पहिला प्रश्न निघतो, “तारीख कधीची?” तारीख पाहाच, पण त्यासोबत दाव्याची नक्कल असते ती मागून घ्या आणि कोणाकडून तरी कलमवार वाचून घ्या.

समजा, एका सावकारानं तुमच्या ३ एकरांबद्दल मनाईचा दावा लावला. कलम ३ मध्ये तो लिहितो, जमीन माझ्या कब्जात आहे. कलम ४ मध्ये, प्रतिवादीनं १,५०० रुपये घेऊन ती मला विकली. कलम ५ मध्ये, प्रतिवादी आता नांगर घालून हरकत करतो. खरं म्हणजे नांगर तुमचाच चालू आहे. वर चतुःसीमा दिलेली असते. नाला पूर्वेला की पश्चिमेला, तेही शिवारात उभं राहून ताडून पाहा.

याला आपलं लेखी उत्तर म्हणजे कैफियत. पुष्कळदा तीत एकच ओळ असते: “दाव्यातील सर्व मजकूर खोटा असून कबूल नाही.” ऐकायला जोरदार, पण कायद्याला ती पुरत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ प्रमाणे प्रत्येक गोष्ट वेगळी नाकारावी लागते. जी नाकारली नाही ती कबूल धरली जाते. नाकारतानाही शब्द बघा. “१,५०० रुपये घेतले नाहीत” एवढंच लिहिलं तर हजार घेतले असतील, असा अर्थ निघू शकतो. म्हणून “१,५०० किंवा त्यातली कोणतीही रक्कम घेतली नाही” असं लिहावं. मग आपली बाजू मांडावी: कोणत्या सालापासून कसतो, पीक काय, वहिवाट कोणाची.

तिसरा कागद प्रतिदावा. कैफियत फक्त अडवते. प्रतिदाव्यानं आपणही त्याच कोर्टात मागणी करतो. १९७६ च्या दुरुस्तीनं ही सोय संहितेत स्पष्टपणे आली. तो दाव्यासारखाच मानला जातो, म्हणून त्यातही जमिनीचं वर्णन लागतं आणि कोर्ट फीही भरावी लागते. मोठा फायदा असा की सावकारानं उद्या दावा काढून घेतला तरी आपला प्रतिदावा चालू राहतो.

पण इथंच मोठी चूक होते. जमीन आपण कसत असताना रागाच्या भरात “आमची जमीन परत मिळावी” अशी मागणी लिहिली जाते. ‘परत’ म्हटलं की कब्जा त्याच्याकडे आहे हे आपणच कबूल केलं! त्याचा सगळा दावा कब्ज्यावर उभा, आणि तोच आपण त्याला लिहून दिला. कब्जा आपला असेल तर “कब्जा आमचा आहे, वादीस हरकत करण्यास मनाई व्हावी” असं मागावं. खरोखरच हुसकावलं असेल, तर कधी आणि कसं ते लिहून मग कब्जा मागावा.

कबुली एकदा कागदावर गेली की दुरुस्तीचा अर्ज देऊनही ती मागं घेणं फार अवघड. कैफियतीखाली “मजकूर खरा आहे” असं लिहून आपली सही किंवा अंगठा घेतात. वकील घाईत असले तरी अंगठ्याआधी त्यांच्याकडून हे दोन्ही कागद आपल्या बोलीत समजून घ्या, आणि ‘कब्जा’ हा शब्द जिथं जिथं येईल तिथं थांबवून विचारा: कोणाचा म्हणून लिहिलाय?